तिळगूळ घेतला, पण गोड बोलणं नंतर आलं: नणंद-भावजयीच्या अबोल्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरच्या एका कुटुंबातलं हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि नावं दिलेली नाहीत. कुटुंबातले तंटे सोडवायला मदत करणं हे माझं काम, त्यामुळे यातली एक बाजू, म्हणजे भावजय, माझ्याकडे बोलायला आली होती. नणंदेची बाजू मला नंतर, तीही थोडीच कळली.

नणंद साठीच्या घरातली. महालातल्या जुन्या घरात मुलासोबत राहते. नवरा वारून चारेक वर्षं झालेली. भावजय तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, राहायला मानेवाड्याकडे. आई लवकर गेल्यामुळे धाकट्या भावाचं लग्न या बहिणीनंच उभं राहून लावलं होतं. नव्या भावजयीला या घरचा स्वयंपाक, सणवार, कुणाला काय म्हणायचं हे सगळं तिनंच शिकवलं. भावजय तिला ताई म्हणते, मुलं आत्याबाई. पंचवीस वर्षं दोघींचं बरं चाललं होतं. कुरबुरी झाल्या, पण त्या चहाच्या कपाबरोबर संपणाऱ्या.

उन्हाळ्यात भावजयीच्या मुलाचं लग्न झालं. आदल्या संध्याकाळी हळद होती. भाच्याला हळद लावायला आत्या पुढे झाली, तेव्हा भावजयीच्या माहेरची एक वयस्क बाई म्हणाली, “आधी सवाष्णींना लावू द्या.” वाक्य हळू आवाजातलं होतं, पण जवळच्या सगळ्यांनी ऐकलं. कुणी काही बोललं नाही. आत्या मागे सरली आणि खुर्चीवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ती लग्नाला आली, अक्षता टाकल्या आणि जेवण न करता निघाली. कार्यालयाच्या दारात भावजयीनं अडवलं, तेव्हा ती म्हणाली, “या घरात आता माझं कोणी राहिलं नाही.” दोन रात्रींची जागरणं आणि दारात पाहुणे, अशा अवस्थेत भावजय बोलून गेली, “घर माझं आहे ताई, भाऊ तुमचा आहे. त्याला काय विचारायचं ते विचारा.” हेही लोकांनी ऐकलं.

तिथून अबोला सुरू झाला. राखी नणंदेच्या मुलाच्या हातून आली. भाऊबीजेला भाऊ एकटाच महालात गेला. बहिणीनं ओवाळलं, जेवू घातलं, पण घरी कोण कसं आहे हे एका शब्दानं विचारलं नाही. नवी सून आत्यासासूला लग्नानंतर एकदाही भेटली नव्हती.

अडचण नेमकी कुठे होती

पहिली गोष्ट म्हणजे यात पैसा नव्हता, वाटणी नव्हती, मोजून देता-घेता येईल असं काहीच नव्हतं. जमिनीचा तंटा असता तर निदान कागद समोर ठेवून बसता आलं असतं. इथे फक्त दोन वाक्यं आणि एक गप्प बसणं होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. भावजय डिसेंबरात आली तेव्हा तिनं सगळी हकिगत दारातल्या प्रसंगापासून सांगायला सुरुवात केली. “मी घर माझं म्हटलं, ते त्यांना लागलं. मान्य आहे. पण त्यांनी तं लोकांसमोर काय म्हटलं?” असा तिचा हिशेब होता, आणि या हिशेबात दोघी जवळपास बरोबरीत निघत होत्या. हळदीचा प्रसंग तिनं सांगितलाच नाही. मी आदल्या संध्याकाळचं विचारलं तेव्हा म्हणाली, “ते तर आमच्या मावशीनं म्हटलं, मी कुठे?” म्हणजे भावजयीच्या मते भांडण दारात झालं होतं. नणंदेसाठी ते आदल्या संध्याकाळीच झालं होतं आणि तिथे भावजय बोलली नव्हती, हाच गुन्हा होता. ज्या घरात आपण हिला हाताला धरून आणलं, तिथे आपल्याला मागे सारलं गेलं आणि हिनं बघून घेतलं.

हे दोन वेगळे हिशेब असताना कुणीही “झालं गेलं विसरू” म्हटलं, तर काय विसरायचं यावरच पुन्हा भांडण झालं असतं.

तिसरी अडचण भावाची. तो दोघींना सांगायचा, “तुम्ही दोघी समजदार आहात, मिटवून टाका ना.” आपण त्या हळदीला तिथेच उभे होतो, हे त्याच्या बोलण्यात कधी यायचं नाही.

पर्याय

फोन करून माफी मागावी, हा पहिला पर्याय. तो भावजयीनं दिवाळीआधी करून पाहिला होता. फोन मुलानं उचलला आणि “आई झोपली आहे” असं सांगितलं. शिवाय फोनवर माफी मागितली की समोरचं माणूस विचारतंच, “कशाची?” त्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा तिच्याजवळ नव्हतं.

दुसरा पर्याय तिच्या डोक्यात पक्का बसला होता. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतात, तिच्या घरीही दरवर्षी असतं. ताईंना मुद्दाम बोलवायचं, चांगलं वाण द्यायचं आणि सगळ्यांसमोर त्यांचा मान करायचा. मनातून तिला भरपाई करायची होती. पण ज्या बाईचा अपमान सवाष्ण नसण्यावरून झाला, तिला सवाष्णींच्या कार्यक्रमाचं आमंत्रण देण्यात धोका मोठा होता. विधवा बायकांना हळदीकुंकवाला बोलावणारी घरं आता आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं 2022 मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, तेव्हापासून यावर उघड बोलणंही वाढलं आहे. पण तिथे कुंकू लावायचं का, कुणी लावायचं, आलेल्या बाकीच्या बायका काय करतील, हे सगळं आधी त्या बाईशी बोलून ठरवावं लागतं. आणि इथे बोलणंच बंद होतं. सगळ्यांसमोर पुन्हा एक अवघडलेला क्षण आला असता, तर मग दोर कापलाच गेला असता.

तिसरा पर्याय नव्या जोडप्याला एकटं पाठवायचा. सुनेची पहिली संक्रांत होती. काळी साडी, हलव्याचे दागिने घालून वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला जायचंच असतं, त्यामुळे निमित्त आयतं होतं. आत्याबाईंनी त्यांना दारातून परत पाठवलं नसतं. पण त्यातून नणंदेला कळलं असतं ते एवढंच, की भावजयीनं पोरांना पुढे केलं आणि स्वतः घरी बसली.

चौथा पर्याय भावानं सुचवला होता. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर संक्रांतीला एक छानसा संदेश टाकायचा, “जुनं सारं विसरून गोड बोलू या” अशा धर्तीचा. हा पर्याय मी सरळ नको म्हटलं. गटावर सगळे असतात, म्हणून तो कुणालाच उद्देशून नसतो. आणि ज्याला उद्देशून असतो त्याला ते लगेच कळतं.

उरला तो पाचवा. भावजयीनं स्वतः महालात जायचं, ताईंच्या हातावर तिळगूळ ठेवायचा, पाया पडायचं.

तिळगुळाची जमेची बाजू अशी, की त्या दिवशी तो सगळे सगळ्यांना देतात. त्यामुळे “आज कशी काय आलीस?” असं कुणी विचारत नाही. लहानानं मोठ्याकडे जायचं हा रिवाजच आहे, म्हणून भावजय आधी गेली तर ती हरली असंही होत नाही. सवाष्ण असण्याची अट त्याला नाही. आणि हातावर ठेवलेला तिळगूळ परत करणं फार कठोर माणसालाच जमतं.

उणी बाजूही तितकीच खरी होती. तिळगूळ म्हणजे माफी नव्हे. त्यात चूक कबूल होत नाही, झालेलं पुसलं जात नाही. शिवाय “गोड गोड बोला” हे आपण समोरच्याला सांगतो. एरवी त्याकडे कुणी लक्ष देत नाही, पण अबोला असताना ते ऐकणाऱ्याला “तुम्ही कडू बोललात” असं ऐकू येऊ शकतं. पोरं घरोघर जाऊन म्हणतात ते “आमचा तिळगूळ सांडू नका, आमच्याशी भांडू नका” तर त्याहून धोक्याचं, कारण त्यात भांडणाचं नावच आहे.

काय ठरलं

ठरवताना शब्द कमी करण्यावर भर होता. “ताई, तिळगूळ घ्या” एवढंच म्हणायचं, वाकायचं आणि थांबायचं. “गोड बोला” हे ताईंनी म्हणायचं असेल तर म्हणतील, मोठ्यांचा तो हक्क आहे. लग्नाचा विषय त्या दिवशी काढायचा नाही. त्यांनी काढला तर ऐकून घ्यायचं, उत्तर द्यायचं नाही.

सोबत सून आणि मुलगा जातील, भाऊ जाणार नाही. यावर आम्ही बराच वेळ घालवला. भाऊ सोबत असला की नणंद त्याच्याशीच बोलेल, तो विनोद करून वेळ मारून नेईल आणि भावजय सोफ्याच्या कडेला बसून परत येईल. मुलगा-सून असल्यामुळे मात्र नणंदेला पाठ फिरवणं अवघड जाणार होतं, आणि पहिल्या संक्रांतीचं कारणही खरंच होतं.

तिळगूळ घरचाच करायचा, आणि लाडू न करता वड्या करायच्या. चिक्कीच्या गुळाचे लाडू कडक होतात आणि ताईंचे दात आता साथ देत नाहीत. साध्या गुळाच्या मऊ वड्या, त्यात भाजलेल्या दाण्याचं कूट, ही पद्धत भावजय ताईंकडूनच शिकली होती. ताईंना साखरेचा त्रास असल्यामुळे तुकडे लहान ठेवायचे ठरलं. आणि वड्या न्यायच्या त्या कागदी खोक्यात नाही, घरच्या स्टीलच्या डब्यात. डबा परत द्यावा लागतो, आणि आपल्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत. पहिल्या भेटीत काही झालं नाही तरी दुसरं पाऊल टाकायला नणंदेला निमित्त राहावं, एवढाच त्यामागचा विचार.

दिवस संक्रांतीचाच धरला. भोगीला बायका कामात असतात, करीला लोक असली कामं टाळतात. त्या वर्षी संक्रांत 14 जानेवारीला होती आणि रथसप्तमीला तीन आठवडे होते, त्यामुळे पहिली भेट फसली तरी हातात दिवस होते.

संक्रांतीचा दिवस

सकाळी नऊला पोचायचं होतं, वस्तीत गर्दी व्हायच्या आत. पण संक्रांतीला नागपुरात दुचाकी काढायची म्हणजे नायलॉन मांजाची धास्ती, आणि गेल्या काही वर्षांत पोलीस त्या दिवशी उड्डाणपूलही बंद ठेवतात. ऑटो मिळवून, वळसे घेत महालात पोचेपर्यंत बारा वाजायला आले. तोवर गच्च्या भरल्या होत्या, स्पीकर लागले होते, “ओ काट”चा गलका चालू होता. नणंदेच्या घरी शेजारच्या तिघी-चौघी तिळगूळ द्यायला आलेल्या बसल्या होत्या. म्हणजे एकांत गेला.

भावजय आत गेली, वाकली आणि घाबरून तोंडातून लहानपणापासून बसलेलं अख्खंच निघालं, “तिळगूळ घ्या, गोड बोला, आमचा तिळगूळ सांडू नका, आमच्याशी भांडू नका.”

नणंद म्हणाली, “भांडाले मी आली होती काय तुझ्याकडे?”

शेजारणींच्या गप्पा थांबल्या. या ठिकाणी भावजयीनं जे केलं त्यानं प्रकरण वाचलं, असं माझं मत आहे. तिनं “तसं नाही ताई” म्हटलं नाही, हसण्यावारी नेलं नाही. ती वाकलेलीच राहिली. नणंदेचा हात सवयीनं तिच्या डोक्यावर गेला आणि लगेच मागेही आला. मग नणंदेनं वडी घेतली, पण खाल्ली नाही, बशीत ठेवली. डब्याकडे बघून म्हणाली, “ठेवून दे तिकडे.”

सुनेशी मात्र ती वेगळी वागली. “ये वो, बस अशी. हलव्याचे दागिने कोणी केले?” असं विचारलं, तिच्या हातावर स्वतःचा लाडू ठेवला आणि “तिळगूळ घे, गोड बोल” म्हणाली. चहा झाला. भावजयीपुढेही कप आला, पण तो नणंदेच्या मुलानं आणून दिला. वीसेक मिनिटांत तिघं निघाले.

भावजयीनं संध्याकाळी मला फोन केला, तो रडतच. “त्यांनी मला गोड बोल म्हटलंच नाही.” तिच्या दृष्टीनं सगळं फसलं होतं. मी तसं मानलं नाही. तिळगूळ नाकारायचा असला की माणसं आत निघून जातात, “उपास आहे” म्हणतात, किंवा पोराला सांगतात, “घे रे त्यांच्या हातचा.” नणंदेनं हातात घेतला. आणि ती भावजयीला उद्देशून बोलली, कितीही टोचून असलं तरी आठ महिन्यांतलं ते पहिलं वाक्य होतं. न म्हटलेलं “गोड बोल” हेही मला खरेपणाचं वाटलं. मन तयार नसताना ती ते म्हणाली असती, तर दोघींनी सगळं मिटल्याचं सोंग केलं असतं आणि हळदीचा विषय कायमचा तसाच राहिला असता.

पुढचे तीन आठवडे

दहा दिवस काहीच झालं नाही. भावजयीला पुन्हा जायचं होतं, मी थांबायला सांगितलं. आता डबा तिकडे होता.

तो आला नणंदेच्या मुलाच्या हातून, तुरीच्या सोल्यांनी भरलेला. जानेवारीत तुरीच्या ओल्या शेंगा स्वस्त असतात, पण डबाभर सोले काढायचे म्हणजे दुपार जाते. भावजयीच्या घरी सोलेभात सगळ्यांना आवडतो, हे तिला ठाऊक होतं. सोबत निरोप काही नव्हता.

आता फोन करायला कारण मिळालं. भावजयीनं त्याच संध्याकाळी फोन लावला, आणि या वेळी नणंदेनंच उचलला. सोले मिळाले, भात केला, एवढं बोलून झाल्यावर भावजयीनं आधीच ठरवून ठेवलेलं एक वाक्य म्हटलं, “ताई, हळदीच्या दिवशी मावशी तसं बोलली तेव्हा मी गप्प बसायला नको होतं.” दाराचा विषय तिनं मुद्दाम काढला नाही.

नणंद जरा वेळानं म्हणाली, “तू तं परकी घरून आली. माझा भाऊ तिथंच उभा होता.” मग ती बराच वेळ बोलली, नवरा गेल्यापासून कुठे कुठे असं मागे सरावं लागलं याबद्दल. त्यातलं अर्धंअधिक या लग्नाशी संबंधित नव्हतं. भावजयीनं ऐकून घेतलं.

निष्पत्ती

अबोला सुटला. फोन होतात, सून आठवड्या-पंधरवड्यातून महालात जाते. हळदीकुंकवाचं भावजयीनं फोनवरच विचारलं, “तुम्हाला यावंसं वाटतं का, आणि कसं यावंसं वाटतं?” नणंद म्हणाली, “यंदा राहू दे, पुढच्या वर्षी पाहू.” भावजयीनं आग्रह केला नाही, ते बरंच केलं.

“घर माझं आहे” या वाक्यावर दोघी अजून बोललेल्या नाहीत. भावजयीला वाटतं ते ताई विसरल्या. मला तसं वाटत नाही. नणंद अजून त्या घरी मुक्कामाला राहिलेली नाही, पूर्वी महिन्यातून एकदा राहायची.

वेगळं काय करता आलं असतं

वेळ चुकली, हे उघड आहे. संक्रांतीच्या दुपारी कुठल्याही घरात एकांत नसतो. सकाळी लवकर निघणं जमत नसेल, तर संध्याकाळी पतंग उतरल्यावर, किंवा करीचा दिवस सोडून पुढच्या दोन-चार दिवसांत जाणं चाललं असतं. रथसप्तमीपर्यंत दिलेला तिळगूळ संक्रांतीचाच मानतात, त्याच दिवसाचा हट्ट धरायची गरज नव्हती. शेजारणी नसत्या तर नणंदेला ते टोचून बोलावं लागलं असतं का, हाही प्रश्न आहे. कधी कधी चार माणसांपुढे आपला राग दाखवावाच लागतो, कारण अपमानही चार माणसांपुढेच झालेला असतो.

शब्द चुकले ते घाबरल्यामुळे. तोंडात बसलेलं वाक्य अशा वेळी आपोआप बाहेर येतं, म्हणून नुसतं ठरवून भागत नाही. “ताई, तिळगूळ घ्या” हे घरी दोन-चार वेळा मोठ्यानं म्हणून बघायला हवं होतं, ऐकायला हास्यास्पद वाटलं तरी.

पण सगळ्यात मोठा फरक भावानं पडला असता. त्याला संक्रांतीच्या भेटीतून बाजूला ठेवलं ते ठीकच होतं, पण त्यानं भोगीच्या आधी एकटं जाऊन बहिणीला “मी तिथं उभा होतो आणि बोललो नाही” एवढं सांगितलं असतं, तर भावजयीच्या हातातल्या वडीवर इतका भार आला नसता. फोनवर नणंदेनं बोट दाखवलं ते त्याच्याकडेच. भावजयीनं त्याला हे सांगितलं आहे. तो म्हणाला, “आता मिटलं ना, कशाला पुन्हा काढायचं?” आणि राखीला तो महालात जाईल तेव्हा बहीण हा विषय काढेल की नाही, याचा भावजयीला आताच घोर लागला आहे.